किंमत बदलली, पण कॅशेला कळलं का? सिस्टिम डिझाइनच्या एका मुलाखतीचा अभ्यास

## पार्श्वभूमी

वरिष्ठ बॅकएंड अभियंत्याच्या जागेसाठी घेतलेल्या एका मुलाखतीची ही हकिकत. वेळ एक तास. प्रश्न मी विचारत होतो आणि माझा सहकारी टिपणं घेत होता. उमेदवाराला सात वर्षांचा अनुभव होता. तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. प्रश्नांचा क्रम आणि फळ्यावर काय लिहिलं गेलं, हे मात्र टिपणांवरून घेतलं आहे.

विषय साधा होता. ऑनलाइन विक्रीच्या साइटवर प्रत्येक वस्तूचं एक पान असतं. विक्रेते किंमत बदलतात, ग्राहक पान बघतात आणि त्यातले काही खरेदी करतात. सेकंदाला २०,००० वाचनं आणि ५० बदल धरायचे, एवढे आकडे मी दिले होते.

पहिली पंधरा मिनिटं तिने झरझर काम केलं. रिलेशनल डेटाबेस, पुढे झटपट वाचनासाठी कॅशे म्हणून रेडिस, आणि नेहमीची कॅशे-असाइड पद्धत: आधी कॅशेत बघायचं, नसेल तर डेटाबेसमधून वाचायचं आणि पाच मिनिटांच्या टीटीएलने, म्हणजे पाच मिनिटांनी आपोआप पुसलं जाईल अशा बेताने, कॅशेत ठेवून द्यायचं. कॅशेतूनच उत्तर मिळण्याचं प्रमाण, म्हणजे हिट रेट, ९५ टक्के धरला तर डेटाबेसवर सेकंदाला १,००० वाचनं जातील, हे तिने मांडलं. तोच रेट ९० टक्क्यांवर घसरला तर डेटाबेसवरचा भार थेट दुप्पट होतो, हेही तिने न विचारता सांगितलं. हे ऐकून मला बरं वाटलं. हिट रेट पाचच टक्क्यांनी घसरला असं म्हणून बरेच जण तिथे पुढे सरकतात.

## अडचण

मी विचारलं, "विक्रेत्याने किंमत ५०० वरून ४५० केली. आता काय काय होतं ते सांगा."

ती म्हणाली, "पाच मिनिटांत टीटीएल संपेल आणि नवी किंमत दिसेल. थोडा वेळ जुनं दिसून शेवटी सगळीकडे नवंच दिसेल, अशी इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सी इथे चालेल."

"कोणाला चालेल?"

हा मुलाखतीतला पहिला खरा वळणबिंदू. इथे तिने थांबून वाचणारे कोण कोण आहेत ते पाहायला हवं होतं. तसं न करता ती म्हणाली, "पाच मिनिटं जास्त वाटत असतील तर ३० सेकंद करू."

माझ्या अनुभवात ही पळवाट फार जण घेतात, आणि ती का फसवी आहे हे सांगण्यासारखं आहे. टीटीएल कमी केल्याने लोकप्रिय वस्तूंना फारसा फरक पडत नाही. कॅशेतली त्यांची नोंद, म्हणजे की, संपली तरी एका मिसनंतर पुढची हजारो वाचनं पुन्हा हिट होतात. फटका बसतो तो मिनिटाला एखाद्या वेळी पाहिल्या जाणाऱ्या वस्तूंना, कारण ३० सेकंदांचा टीटीएल ठेवला की त्यांची बहुतेक वाचनं मिस होतात. अशा वस्तू संख्येने बहुतांश असतात. म्हणजे हिट रेट घसरतो, डेटाबेसवरचा भार वाढतो, आणि एवढं करूनही ३० सेकंद चुकीची किंमत दिसतेच. मी फक्त "मग हिट रेटचं काय होईल?" एवढंच विचारलं. आधीचं गणित तिचंच असल्यामुळे तिला लगेच उमगलं. "टीटीएल हे शेवटचं जाळं झालं. बदल होताच ती की मला स्वतःहून कॅशेतून काढायला हवी," असं म्हणून तिने फळ्याचा कोपरा पुसला.

## आधी डेटाबेस की आधी कॅशे

आता पुढचा प्रश्न आपोआप आला: आधी की डिलीट करायची आणि मग डेटाबेसमध्ये लिहायचं, की उलट?

ती आधी डिलीटकडे झुकली. "म्हणजे लिहिताना कॅशेत जुनं काही उरणारच नाही." मी काही बोललो नाही. तिने स्वतःच दोन बाण काढले आणि तिला भोक दिसलं. डिलीट झाल्यावर पण कमिट व्हायच्या आत कोणी वाचायला आलं, तर त्याला मिस मिळतो, डेटाबेसमध्ये अजून ५०० च असतात, आणि तो ५०० पुन्हा कॅशेत ठेवून जातो. पूर्ण ट्रान्झॅक्शन चालू असेपर्यंत ही खिडकी उघडी राहते. जास्त पाहिल्या जाणाऱ्या वस्तूच्या बाबतीत हे घडण्याचीच शक्यता जास्त.

म्हणून तिने क्रम उलटा केला: आधी कमिट, मग डिलीट. हे उत्तर बरोबर आहे आणि बहुतेक मुलाखती इथे संपतात. मी पुढे विचारलं, "या क्रमातही जुनी किंमत कॅशेत अडकू शकते का?" तीन-चार मिनिटं गेली. मग तिने फळ्यावर हे लिहिलं. R म्हणजे वाचणारा, W म्हणजे लिहिणारा.

```
t0  R: GET p:42               -> miss
t1  R: SELECT price           -> 500
t2  W: UPDATE 450; COMMIT
t3  W: DEL p:42
t4  R: SET p:42 500 EX 300
```

वाचणाऱ्याने जुनी किंमत हातात घेतली आणि तो वाटेतच अडखळला. गार्बेज कलेक्शनचा विराम असेल, नेटवर्कचा उशीर असेल, काहीही. तेवढ्यात लिहिणारा आपलं काम उरकून की डिलीट करून गेला. मग वाचणारा जागा झाला आणि जुनी किंमत पुढच्या ३०० सेकंदांसाठी ठेवून मोकळा झाला. डिलीट व्यवस्थित झालं, कुठेही एरर नाही, लॉगमध्येही काही दिसत नाही. हे क्वचित घडतं, पण घडलं की पुढच्या पाच मिनिटांत ते पान उघडणाऱ्या प्रत्येकाला जुनी किंमत दिसते.

## तिने तोललेले पर्याय

पहिला पर्याय, वाचणारा आणि लिहिणारा यांच्यातली ही शर्यत, म्हणजे रेस, मान्य करून टीटीएलवर विसंबणं. फक्त पानावर दाखवायच्या किमतीपुरतं हे समर्थनीय आहे, आणि तिने तसं म्हटलं असतं तर मी ते नाकारलं नसतं. फक्त त्यासाठी "कोणाला चालेल" याचं उत्तर आधी द्यावं लागलं असतं, आणि ते अजून आलं नव्हतं.

दुसरा पर्याय, थोड्या वेळाने पुन्हा एकदा डिलीट करणं. "थोडा वेळ म्हणजे किती?" असं मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "हा आकडा अंदाजानेच ठरवावा लागेल. त्याहून जास्त वेळ अडकलेला वाचणारा तरीही निसटेल."

तिसरा पर्याय, डिलीट न करता लिहिणाऱ्यानेच नवी किंमत कॅशेत ठेवणं. यात दोन लिहिणारे एकमेकांत अडकतात. डेटाबेसमध्ये आधी ४५० आणि मग ४३० कमिट झाले, पण कॅशेत आधी ४३० आणि मग ४५० पोहोचले, तर चुकीची किंमत टिकून राहते. तिने हा पर्याय पटकन सोडला, आणि ते योग्यच होतं.

चौथा पर्याय लीजचा. २०१३ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी आपल्या मेमकॅशे व्यवस्थेवरच्या शोधनिबंधात तो मांडला आहे. मिस झालेल्या वाचणाऱ्याला कॅशे एक ६४ बिटांचं टोकन देतं. मधल्या काळात की डिलीट झाली तर ते टोकन बाद होतं आणि वाचणाऱ्याचं लिहिणं नाकारलं जातं. हेच टोकन एका कीसाठी दर दहा सेकंदांना एकदाच दिलं, की मिस झाल्यावर डेटाबेसवर पडणारी झुंबडही आटोक्यात येते. तिला हा उपाय माहीत होता, पण तिने निवडला नाही. "रेडिसमध्ये हे तयार मिळत नाही. टोकन मलाच सांभाळावं लागेल. त्यापेक्षा डेटाबेसच्या ओळीवर व्हर्जन ठेवते," ती म्हणाली. हे कारण मला पटलं.

## व्हर्जन, आणि त्यातली खोच

तिने किंमत बदलणाऱ्या `UPDATE` मध्येच `version = version + 1` घातलं. वेळेचा शिक्का का नाही, असं विचारल्यावर तिचं उत्तर तयार होतं: दोन यंत्रांची घड्याळं जुळत नाहीत, आणि ओळीवरचं व्हर्जन कमिटच्या क्रमानेच वाढतं. मग नियम असा ठरला की कॅशेत आधीपासून नवं व्हर्जन असेल तर जुनं ठेवू द्यायचं नाही.

ऐकायला हे पुरेसं वाटतं. मी वरच्या पाच ओळींकडे बोट दाखवून विचारलं, "t4 ला R व्हर्जन ७ घेऊन येतो. तो तुलना कशाशी करणार?"

t3 ला की डिलीट झाली होती. कॅशेत काहीच नव्हतं, म्हणून तुलनाही होणार नव्हती आणि जुनी किंमत बिनबोभाट आत गेली असती. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे डिलीट करायचंच नाही. रिकामी जागा सोडायच्या ऐवजी तिथे व्हर्जन ८ ची खूण ठेवून जायचं."

माझ्या मते मुलाखतीतला सगळ्यात मोलाचा क्षण हाच. या खुणेला टूमस्टोन म्हणतात. तिच्यात व्हर्जन असतं, माल नसतो. वाचणारा तिला मिस समजतो आणि डेटाबेसकडे जातो. पण लिहायला आल्यावर त्याला तिच्याशी तुलना करावीच लागते. रेडिसमध्ये लुआ स्क्रिप्ट एकसंध चालते, तिच्या मध्ये दुसरी कमांड घुसत नाही, म्हणून तपासणं आणि लिहिणं तिने एकाच स्क्रिप्टमध्ये ठेवलं:

```lua
local cur = redis.call('HGET', KEYS[1], 'v')
if cur and tonumber(cur) > tonumber(ARGV[1]) then
  return 0
end
redis.call('HSET', KEYS[1], 'v', ARGV[1], 'd', ARGV[2])
redis.call('EXPIRE', KEYS[1], ARGV[3])
return 1
```

दुसऱ्या ओळीत तिने आधी `>=` लिहिलं होतं. मग स्वतःच एक फेरी चालवून पाहिली: टूमस्टोन ८ चा आहे, ताजा माल घेऊन येणारा वाचणाराही ८ च घेऊन येतो, म्हणजे `>=` असताना तोही नाकारला जाणार. खूण संपेपर्यंत ती वस्तू कॅशेत कधी भरलीच नसती. डेटा चुकला नसता, फक्त प्रत्येक बदलानंतर मिनिटभर त्या वस्तूचं प्रत्येक वाचन डेटाबेसवर गेलं असतं, आणि असा दोष हिट रेटच्या आलेखावरच्या छोट्या खड्ड्यांखेरीज कुठेच दिसत नाही. तिने `=` पुसलं. उलट बाजूही तपासली: वाचणाऱ्याने ८ चा माल आधीच ठेवला आणि लिहिणाऱ्याचा ८ चा टूमस्टोन मागून आला, तर चांगला माल पुसला जातो. त्यात नुकसान फक्त एका जादा मिसचं, म्हणून तिने ते तसंच राहू दिलं.

टूमस्टोन किती वेळ ठेवायचा? डेटाबेसच्या क्वेरीला दोन सेकंदांची मर्यादा होती, पण प्रोसेस त्यानंतरही अडखळू शकते, म्हणून तिने ६० सेकंद घेतले. मेमरी भरल्यावर रेडिस टूमस्टोनसुद्धा बाहेर काढू शकतं आणि तेव्हा जुनी रेस परत शक्य होते, हे तिने स्वतःहून सांगितलं. नुकतीच लिहिलेली की `allkeys-lru` या बाहेर काढण्याच्या धोरणात सहसा लवकर बाहेर जात नाही, पण खात्री नाही. म्हणून पाच मिनिटांचा टीटीएल तिने शेवटच्या जाळ्यासारखा कायम ठेवला.

## कमिटनंतर प्रोसेस मेली तर

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. कमिट झालं आणि टूमस्टोन ठेवायच्या आत प्रोसेस पडली. तिचं पहिलं उत्तर होतं, "क्यूमध्ये मेसेज टाकते." पण क्यूमध्ये टाकणं हेही कमिटनंतरचं दुसरं पाऊल आहे, त्यामुळे भोक फक्त जागा बदलतं. हे तिच्या लगेच लक्षात आलं आणि ती डेटाबेसच्या बदलांच्या लॉगकडे वळली. कमिट झालेला बदल लॉगमध्ये असतोच, तो वाचणारी वेगळी प्रोसेस टूमस्टोन ठेवते, आणि ती पडली तर जिथे थांबली होती तिथून पुन्हा सुरू होते. फेसबुकच्या त्याच निबंधात मायएसक्यूएलचा कमिट लॉग वाचून कॅशेला डिलीट पाठवणाऱ्या अशा प्रोसेसचं वर्णन आहे.

इथे व्हर्जनचा दुसरा फायदा समोर आला. पुन्हा सुरू झालेली प्रोसेस एकच बदल दोनदा पाठवेल किंवा जुना बदल उशिरा पाठवेल. ७ चा टूमस्टोन ८ च्या मालावर आला तर तीच स्क्रिप्ट त्याला परत पाठवते. वेगळं काही लिहावं लागत नाही.

## "आता कन्सिस्टंट झालं का?"

पंधराएक मिनिटं उरली होती. हा प्रश्न मी मुद्दाम सरळ विचारला, कारण इतकी मेहनत केल्यावर माणसाला "हो" म्हणावंसं वाटतं.

ती म्हणाली, "नाही. कमिट आणि टूमस्टोन यांच्यामधला काळ उरतोच. लॉगमधून आलं तर तो थोडा वाढतो. तेवढ्या वेळात कॅशेतून वाचणाऱ्याला जुनी किंमत दिसेल." आणि मग ती सुरुवातीच्या प्रश्नाकडे आपणहून परतली. वाचणारे तीन आहेत, असं म्हणून तिने फळ्यावर तीन रकाने पाडले.

पान चाळणाऱ्या ग्राहकाला काही सेकंद जुनी किंमत दिसली तर चालेल. किंमत नुकतीच बदललेल्या विक्रेत्याला स्वतःचा बदल लगेच दिसला पाहिजे, नाहीतर तो सेव्ह झालं नाही समजून पुन्हा बटण दाबेल. म्हणून विक्रेत्याच्या स्क्रीनवरची वाचनं कॅशेला वळसा घालून थेट डेटाबेसमधून येतील. सेकंदाला ५० बदल असताना हा भार किरकोळ आहे. तिसरा, पैसे भरणारा ग्राहक. ऑर्डर नोंदवणाऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये किंमत डेटाबेसच्या ओळीवरूनच वाचायची, कॅशेला हातही लावायचा नाही. पानावर दिसलेलं व्हर्जन ऑर्डरसोबत यावं. ते ओळीवरच्या व्हर्जनशी जुळलं नाही तर नवी किंमत दाखवून ग्राहकाची संमती घ्यायची.

मला हे उत्तर टूमस्टोनपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. पैशाचा व्यवहार कॅशेपासून तोडला की कॅशेतली चूक फार तर एक नको असलेला संदेश दाखवते, चुकीचं बिल काढत नाही. मग आधीची सगळी यंत्रणा किती काटेकोर हवी, हेही ठरवता येतं.

शेवटच्या पाच मिनिटांत मी रेप्लिकांचा, म्हणजे मुख्य डेटाबेसच्या मागून अद्ययावत होणाऱ्या प्रतींचा, विषय काढला: मिस झाल्यावर प्रायमरीऐवजी रेप्लिकातून वाचलं तर? रेप्लिका मागे असेल तर ती व्हर्जन ७ देईल, स्क्रिप्ट ते नाकारेल, आणि टूमस्टोनचे ६० सेकंद संपेपर्यंत तरी कॅशे स्वच्छ राहील, हे तिने बरोबर सांगितलं. तोवर त्या वस्तूचं प्रत्येक वाचन मिस होऊन रेप्लिकावर पडेल हेही तिला दिसलं. त्यावरच्या उपायाला वेळ उरला नाही.

## निकाल

आम्ही दोघांनीही होकार दिला. सहकाऱ्याने सुरुवातीच्या भागासाठी कमी गुण दिले होते, कारण "चालेल" हा शब्द तिने आधाराशिवाय वापरला होता. मी ते मान्य केलं. रेडिस पूर्ण बंद पडलं तर सेकंदाची २०,००० वाचनं थेट डेटाबेसवर येतात, त्याचं काय, हा मोठा प्रश्न विचारायचा राहून गेला. अहवालात आम्ही तसं स्पष्ट लिहिलं.

## वेगळं काय करता आलं असतं

तिच्या बाजूने, तीन रकाने शेवटी न येता सुरुवातीला यायला हवे होते. "ही किंमत कोण कोण वाचतं आणि प्रत्येकाला ती किती जुनी चालेल?" हे तिने रेडिस काढण्याआधी मला विचारलं असतं, तर टीटीएल कमी करण्याची पळवाट आलीच नसती. शिवाय पान चाळणाऱ्यासाठी साधं डिलीट आणि टीटीएल पुरेसं आहे असं ठरवून ती टूमस्टोनचा खर्च टाळू शकली असती. मी तेही पूर्ण उत्तर मानलं असतं, आणि वाचलेल्या वेळात रेडिस बंद पडण्याचा विषय झाला असता.

माझ्या बाजूच्या दोन गोष्टी आहेत. भाराचं गणित चांगलं चाललं होतं म्हणून मी पंधरा मिनिटं मध्ये बोललोच नाही. आठव्या मिनिटाला किमतीचा प्रश्न विचारला असता तर शेवटची घाई झाली नसती. दुसरं म्हणजे "तुलना कशाशी करणार?" या प्रश्नात अर्धं उत्तर होतं. भोक तिने स्वतः शोधलं असतं की नाही, हे त्यामुळे मला कळू शकलं नाही. आता मी तो प्रश्न विचारत नाही. नवा नियम मांडून झाला की उमेदवाराला t0 पासून t4 पर्यंत प्रत्येक ओळीपुढे त्या क्षणी कॅशेत नेमकं काय आहे ते लिहायला सांगतो. t3 पुढे "रिकामं" असं लिहून झालं की पुढची ओळ लिहिताना बहुतेकांचा हात आपोआप थांबतो.